वार्षिकाची संकल्पना आणि शीर्षक: एक मतदान पुरत नाही

प्रश्न: «आमच्या शाळेच्या वार्षिकाची यंदाची संकल्पना आणि शीर्षक मुलांच्या मतदानाने ठरवायचे आहे. मागच्या वर्षी असेच मतदान घेतले, पण निवडून आलेल्या विषयावर धड लेखच आले नाहीत आणि निम्म्याहून जास्त मुले “हा विषय आम्ही निवडलाच नव्हता” म्हणत राहिली. मतदान नेमके कसे घ्यावे?»

मुले म्हणत होती ते बहुधा शब्दशः खरे असावे, आणि दोष त्यांच्या आवडीनिवडीचा नसून मतपत्रिकेचा असावा, असे मला वाटते. संकल्पना ही लिहिणाऱ्यांसाठी असते आणि शीर्षक हे वाचणाऱ्यांसाठी असते. संकल्पना निवडताना “यावर मी स्वतः काही लिहीन का” हे विचारायचे असते, तर शीर्षक निवडताना “हे मुखपृष्ठावर दिसले तर मी अंक उघडीन का” हे विचारायचे असते. हे दोन्ही प्रश्न एकाच दिवशी, एकाच कागदावर, “एकाला एक मत” या पद्धतीने विचारले, की दोहोंचीही उत्तरे बिघडतात.

मी अनेक वर्षे शालेय वार्षिकाचे संपादन पाहते. पाचवी ते दहावीची मुले आणि चारशेच्या आसपास मतदार, एवढ्या आकाराच्या शाळेतला माझा अनुभव आहे, त्यामुळे पुढचे सगळे त्याच मापाने वाचावे. तुमच्याकडे शंभराहून कमी मुले असतील तर मतदानाचा घाट न घालता सर्वांना एकत्र बसवून चर्चेने ठरवणे अधिक चांगले. शाळा दोन-तीन हजार मुलांची असेल तर मोजणीसाठी वर्गवार मंडळी नेमावी लागतील, मात्र पद्धत हीच राहील.

आधी “एकाला एक मत” का फसते ते सांगते, कारण मी स्वतः त्यात फसले आहे. पहिल्या वर्षी आम्ही पाच विषय मतपत्रिकेवर ठेवले: खेळ, पाणी, नदी, पाऊस आणि आवाज. एकूण ४१२ मते पडली. खेळाला १२८ मिळाली आणि खेळ जिंकला. पाण्याला ९६, नदीला ७९ आणि पावसाला ६८ मते होती. म्हणजे पाण्याशी नाते सांगणाऱ्या तीन विषयांत मिळून २४३ मते वाटली गेली आणि शंभरातल्या साठेक मुलांचा कल ज्या दिशेला होता, ती दिशाच हरली. मतपत्रिका तयार करताना तीन जुळी भावंडे शेजारी उभी करण्याची चूक आमची होती आणि निकाल मात्र मुलांच्या माथी बसला. हा काही नवा शोध नाही. फ्रेंच गणितज्ञ झाँ-शार्ल द बोर्दा यांनी हाच दोष १७७० साली तिथल्या विज्ञान अकादमीपुढे मांडला होता. शाळेत मात्र तो दरवर्षी नव्याने सापडतो.

त्या अंकासाठी आलेल्या साहित्यात निम्म्याहून अधिक लेख शेवटच्या षटकात जिंकलेल्या सामन्याचे होते. खेळ मुलांना आवडत होता, पण आवडणे आणि त्याबद्दल आपले स्वतःचे काही सांगण्यासारखे असणे यांत बरेच अंतर असते, आणि मतपत्रिकेने आवडच विचारली होती.

म्हणून आता मतपत्रिकेवर काय जाईल हे ठरवण्यातच माझी बहुतेक मेहनत जाते. सूचना सर्वांकडून मागवतो, पण त्यांतून संपादक मंडळ सहा-सात निवडते आणि त्या प्रत्येकीची “दहा मिनिटांची चाचणी” घेते. तीन वेगवेगळ्या इयत्तांच्या वर्गांत जाऊन, प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी देऊन, “या शब्दावर तू काय लिहिशील, त्याचे पहिले वाक्य लिही” एवढेच सांगायचे. उदाहरणे द्यायची नाहीत, कारण शिक्षकाने एक उदाहरण दिले की निम्म्या चिठ्ठ्या त्याच वळणावर जातात. नंतर चिठ्ठ्या किती आल्या हे मोजायचे नाही, त्यांत वेगवेगळ्या वाटा किती आहेत हे मोजायचे. सारखी वाक्ये एका ढिगात ठेवली की ढीग मोजून उत्तर मिळते.

एका वर्षी “मैत्री” आणि “कुलूप” या दोन शब्दांची अशी चाचणी घेतली. मैत्रीवर तिसांपैकी तीस चिठ्ठ्या भराभर आल्या आणि ढीग पडले चार: खरा मित्र कोण, भांडण आणि समेट, शाळा बदललेला मित्र, आणि मुका प्राणी हाच मित्र. कुलपावर मुले आधी पेन चावत बसली. चार-पाच चिठ्ठ्या कोऱ्याच आल्या. पण उरलेल्यांचे ढीग सतरा झाले. कोणी आजीच्या कपाटाबद्दल लिहिले, कोणी दादाच्या मोबाइलच्या पासवर्डबद्दल, कोणी घर बदलताना शेवटी लावलेल्या कुलपाबद्दल. सहावीतल्या एका मुलीने लिहिले होते, “बाबा रागावले की आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागते.” एक चिठ्ठी तर तीन आकड्यांच्या कुलपाच्या किती जुळण्या होतात यावर होती, आणि तिच्यामुळे त्या अंकात गणिताचे एक पान आले. ज्या शब्दावर पहिली दोन मिनिटे मुले अडखळतात आणि मग निरनिराळ्या दिशांना जातात, तो शब्द वर्षभर पुरतो, असा माझा अनुभव आहे. ज्यावर सगळे लगेच लिहू लागतात, तो बहुधा निबंधाच्या वहीत आधीच लिहून झालेला असतो.

चाचणीत सहापेक्षा कमी ढीग पडणारी संकल्पना आम्ही गाळतो. हा आकडा आमच्या अंकाच्या पानांवरून ठरला आहे. चाळीसेक पानांच्या अंकात सहा दिशांखाली वाचक कंटाळतो. तुमचा अंक सोळा पानांचा असेल तर चार ढीगही चालतील. याच टप्प्यावर जुळ्या संकल्पना एकत्र करायच्या. एका शब्दाच्या चिठ्ठ्या दुसऱ्या शब्दाखाली बिनदिक्कत ठेवता येत असतील, तर त्या दोन संकल्पना नाहीत.

मुख्याध्यापकांना किंवा व्यवस्थापनाला काही नको असेल तर त्यांनी ते इथेच सांगावे, मतदानानंतर नाही. एका वर्षी मुलांनी निवडलेले शीर्षक वरून बदलले गेले आणि त्याचे कारणही कोणी सांगितले नाही. पुढच्या वर्षी मतपत्रिका वाटल्या, तेव्हा वरच्या वर्गांतल्या कित्येकांनी त्या कोऱ्याच परत दिल्या. तेव्हापासून अंतिम यादीवर आधी मुख्याध्यापकांची सही घेतो आणि मगच ती यादी फलकावर लावतो. सही झालेल्या यादीतले काहीही निवडून आले तरी ते छापायचे, हा करार.

आता संकल्पनेचे मतदान. त्यासाठी मी मान्यतेची पद्धत वापरते. मतपत्रिकेवर चार संकल्पना असतात, प्रत्येकीखाली चाचणीतल्या चिठ्ठ्यांमधली दोन वाक्ये नाव न देता छापलेली असतात, आणि वर सूचना असते: “ज्या ज्या संकल्पनेवर तुम्ही स्वतः काही लिहाल, चित्र काढाल किंवा कोणाची मुलाखत घ्याल, त्या सर्वांपुढे खूण करा. एकीपुढे केली तरी चालेल, चारींपुढे केली तरी चालेल.” सर्वांत जास्त खुणा मिळतील ती संकल्पना पुढे जाते. यात मते फुटत नाहीत, कारण पाण्याला खूण केली म्हणून दुसऱ्या कशाची खूण कमी होत नाही. मोजणीही सोपी असते. दोघांनी वाचायचे, दोघांनी रेघा ओढायच्या, आणि चारशे मतपत्रिका दोन तासांत होतात.

त्या दोन छापील वाक्यांचे महत्त्व मला उशिरा कळले. “कुलूप” हा शब्द नुसता फलकावर लिहिला तेव्हा मुले हसली होती. त्याखाली सहावीतल्या त्या मुलीचे वाक्य आल्यावर कोणी हसले नाही. मात्र ही वाक्ये छापण्याआधी ज्याची चिठ्ठी असेल त्याला विचारावे लागते, आणि चिठ्ठ्यांवर नाव नसल्यामुळे आम्ही “हे वाक्य छापायचे नसेल त्याने सांगावे” अशी सूचना वर्गात देऊन दोन दिवस थांबतो. घरातल्या गोष्टी असतात, त्यामुळे एवढी काळजी घ्यावीच.

या पद्धतीत एक अडचण उरते ती इयत्तांची. लहान वर्गांतली मुले उत्साहाने सगळीकडे खुणा करतात आणि मोठी मुले हात राखून करतात, त्यामुळे नुसत्या बेरजेत लहानांचे पारडे जड होते. आम्ही नियम असा केला की, विजयी संकल्पनेला पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी या दोन्ही गटांत किमान एक तृतीयांश मुलांची मान्यता हवी. ती नसेल तर पुढची संकल्पना बघायची. कुलपाच्या वर्षी लहान गटात २०६ आणि मोठ्या गटात १९२ मतदार होते. पाण्याला लहानांतून १५८ आणि मोठ्यांतून ५६, अशा २१४ खुणा मिळाल्या. कुलपाला लहानांतून १०९ आणि मोठ्यांतून ९७, अशा २०६. बेरजेत पाणी आठ खुणांनी पुढे होते, पण मोठ्या गटाचा एक तृतीयांश म्हणजे ६४, आणि तिथे ते अडले. आठवीतल्या एका मुलाला कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “बाई, पाण्यावरचा निबंध आम्ही तिसरीपासून लिहितोय.”

पाण्याच्या बाजूची मुले साहजिकच विचारायला आली. नियम मतदानाच्या दहा दिवस आधी तारखेसह फलकावर लागलेला होता, तो त्यांना दाखवला आणि प्रश्न तिथेच मिटला. हाच नियम निकालानंतर सुचला असता तर तो कितीही न्याय्य असला तरी लबाडीच ठरला असता. म्हणून बरोबरी झाल्यास काय करायचे, कोरी मतपत्रिका कशी धरायची, गैरहजर मुलांनी कधी मत द्यायचे, हे सगळे आधीच लिहून काढावे. बरोबरीसाठी आम्ही चाचणीतल्या ढिगांची संख्या पाहतो आणि ज्या संकल्पनेचे ढीग जास्त असतील ती घेतो.

शीर्षकाची गोष्ट निराळी आहे. संकल्पना साहित्य मागवण्यापूर्वी, म्हणजे अंक छापायला जाण्याच्या पाच महिने तरी आधी ठरायला हवी. शीर्षक मात्र साहित्य हाती आल्यावर, छपाईच्या सहा आठवडे आधी ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. संकल्पनेबरोबरच शीर्षक ठरवले की ते लेख येण्याआधीचे असते आणि त्यात “तेजस्वी”, “उन्नत”, “नवे” असले काहीतरी येऊन बसते. आलेल्या लेखांतून काढलेल्या शीर्षकाला त्या वर्षाचा वास असतो. सहा आठवडे यासाठी, की मुखपृष्ठाच्या चित्राला दोन आठवडे लागतात, अक्षरांकन आणि आतल्या पानांवरचे शीर्षक बसवायला एक, आणि मुद्रितशोधनाला उरलेला वेळ पुरतो.

कायमचे नाव आणि वर्षाचे शीर्षक यांची गल्लत मात्र होऊ देऊ नये. अंकाला वर्षानुवर्षे चालत आलेले नाव असेल तर ते मतदानाला ठेवू नका. ते मुखपृष्ठावर लहान अक्षरांत राहील आणि वर्षाचे शीर्षक मोठ्या अक्षरांत येईल.

शीर्षके सुचवण्याची पेटी ठेवलीत तर तीत आलेल्यांपैकी फार थोडी उपयोगी पडतात. आमच्याकडे संपादक मंडळातली मुले आलेले सर्व साहित्य वाचताना वहीत चांगले शब्द आणि वाक्यांश टिपून ठेवतात, आणि पेटीतल्या सूचनांत त्यांची भर घालून चार शीर्षकांची यादी होते. प्रत्येक शीर्षक आम्ही आधी मोठ्याने वाचून पाहतो आणि मग मुखपृष्ठाच्या आकाराच्या कागदावर हाताने लिहून वर्गाच्या शेवटच्या बाकावरून पाहतो. लांबलचक जोडाक्षरे शिरोरेषेखाली दाटीवाटीने बसतात आणि दुरून काळा ठिपका दिसतो. दोन शब्दांचे शीर्षक दोन ओळींत मोडल्यावर भलताच अर्थ निघतो का, तेही पाहावे. याने निम्मी यादी आपोआप गळते.

शीर्षकाला मान्यतेची पद्धत मी वापरत नाही. चारही शीर्षके बरी असली की मुले सगळ्यांपुढे खुणा करतात आणि सगळ्यांची बेरीज जवळपास सारखी येते. इथे पसंतीक्रम मागावा: पहिली पसंती १, दुसरी २, असे. पसंतीला चार, तीन, दोन, एक असे गुण देण्याची पद्धत बोर्दा यांचीच, आणि ती सोपीही आहे, पण आपल्या आवडत्या शीर्षकाच्या तगड्या प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम शेवटचा क्रमांक द्यायचे मुलांना एका मधल्या सुट्टीत कळते. त्याऐवजी तळाचे शीर्षक बाद करत जाणारी मोजणी करावी. पहिल्या पसंतीप्रमाणे मतपत्रिकांचे ढीग करायचे, सर्वांत लहान ढीग उचलून त्यातल्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या ढिगावर वाटायच्या, आणि एखाद्या ढिगात उरलेल्या मतांच्या निम्म्याहून अधिक मते येईपर्यंत हेच करायचे. हे सगळे टेबलावर उघड्यावर होते, त्यामुळे प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी शेजारी उभा राहून पाहू शकतो.

कुलपाच्या अंकासाठी चार शीर्षके होती: “किल्ली कुठे आहे?”, “उघडझाप”, “आतबाहेर” आणि “कडी”. ३७६ मते पडली. पहिल्या पसंतीत “किल्ली कुठे आहे?” १३४, “उघडझाप” १०२, “आतबाहेर” ८१ आणि “कडी” ५९. एकाला एक मत असते तर किल्ली तिथेच जिंकली असती. “कडी”चा ढीग उचलला तेव्हा त्यातली २५ मते “आतबाहेर”कडे, १७ “उघडझाप”कडे आणि १४ किल्लीकडे गेली. तीन मुलांनी दुसरी पसंती लिहिलीच नव्हती. आता किल्ली १४८, “उघडझाप” ११९, “आतबाहेर” १०६. पुन्हा सर्वांत लहान ढीग “आतबाहेर”चा. त्यातली ६८ मते “उघडझाप”ला, ३१ किल्लीला मिळाली आणि सात मतपत्रिकांवर पुढची पसंती नव्हती. शेवटी “उघडझाप” १८७ आणि किल्ली १७९. उरलेल्या ३६६ मतांत १८४ ला बहुमत होते, म्हणून “उघडझाप” ठरले.

किल्ली मागे का पडली, ते मतपत्रिका पाहिल्यावर कळले. शिक्षकांच्या खोलीची किल्ली त्या वर्षी दोन दिवस हरवली होती आणि त्यावरून वरच्या दोन वर्गांत फार हशा झाला होता. त्या मुलांनी एकगठ्ठा पहिली पसंती दिली, आणि ज्यांना त्या विनोदाशी काही देणेघेणे नव्हते त्यांनी ते शीर्षक शेवटी टाकले. एका गटाचा लाडका आणि इतरांना नकोसा अशा शीर्षकाला ही मोजणी बरोबर अडवते. पण निकाल आठ मतांचा होता, त्यामुळे वाद होऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी मोजणी पुन्हा केली, आणि मतपत्रिका अंक छापून येईपर्यंत पाकिटात सीलबंद ठेवल्या.

मतदान गुप्त ठेवावे, हात वर करून कधीच घेऊ नये. पाचवीतले मूल शेजारच्याचा हात पाहून हात वर करते. ऑनलाइन फॉर्मने घेणार असाल तर एका मुलाला एकच मत देता येईल याची व्यवस्था करावी लागते. ती नसेल तर कागदच बरा.

हरलेली शीर्षके फेकू नयेत. “आतबाहेर” या नावाखाली आम्ही घर आणि शाळा यांच्यावरच्या लेखांचा विभाग केला, “कडी” हे कवितांच्या पानांचे नाव झाले, आणि “किल्ली कुठे आहे?” या मथळ्याखाली वरच्या वर्गातल्या दोन मुलांनी त्या हरवलेल्या किल्लीची हकिकत लिहिली. हे आधी जाहीर मात्र करत नाही, नाहीतर पसंतीक्रम लिहिताना मुले शीर्षकाऐवजी विभागांचा हिशेब मांडू लागतात.